फायनान्स इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू: 'एखादा प्रसंग सांग' म्हटल्यावर काय सांगायचं

प्रश्न: फायनान्सच्या इंटर्नशिपचे इंटरव्ह्यू सुरू होतायत. टेक्निकल बऱ्यापैकी तयार आहे, पण 'एखादा प्रसंग सांग जेव्हा तू...' असं आलं की गडबड होते. स्टार पद्धतीने, म्हणजे स्थिती, काम, कृती, निकाल या क्रमाने पंधराएक उत्तरं लिहून पाठ केली, तरी मॉक इंटरव्ह्यूमध्ये मित्र म्हणतात की रोबोटसारखं वाटतं आणि तू नक्की काय केलंस तेच कळत नाही. नोकरीचा अनुभव शून्य, फक्त कॉलेजच्या क्लबचा खजिनदार होतो. एवढ्यातून काय तयार करू?

उत्तर:

तुझ्या मित्रांनी दोन गोष्टी सांगितल्यात, त्यातली दुसरी जास्त गंभीर आहे. रोबोटसारखं वाटणं चार-पाच वेळा मोकळेपणाने बोललं की कमी होतं. पण 'तू काय केलंस ते कळत नाही' हे राहिलं तर उत्तर कितीही सफाईदार असू दे, समोरच्याच्या हाताला काहीच लागत नाही. आणि मला वाटतं दोन्हीचं मूळ एकच आहे, तू प्रश्न समोर ठेवून उत्तरं लिहिलीस. टीमवर्कचं एक, लीडरशिपचं एक, प्रेशरचं एक. असं केलं की प्रसंग त्या शब्दाला पुरा पडावा म्हणून कापला जातो, खरे तपशील गळून जातात आणि उरतात ती 'मी सगळ्यांशी समन्वय साधला' टाइपची वाक्यं. ती पाठच करावी लागतात, कारण त्यांच्यात आठवण्यासारखं काही नसतं.

मी क्रेडिट रिस्कमध्ये काम करते आणि बरीच वर्षं इंटर्न निवडायच्या पॅनलवर बसतेय, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं तेवढं नीट सांगू शकते. सगळीकडे असंच असतं असं नाही हं. कुठे एचआरवाले हे प्रश्न विचारतात, कुठे ज्या टीममध्ये जाणार तिथलाच ॲनालिस्ट विचारतो, कुठे समोर माणूसच नसतो, कॅमेऱ्याकडे बघून ठरलेल्या वेळात उत्तर रेकॉर्ड करायचं असतं. फॉलोअपचे प्रश्न किती खोल जाणार ते त्यावर ठरतं. पण गोष्ट तयार करायची पद्धत काही त्यामुळे बदलत नाही.

आमच्या समोर बहुतेक वेळा एक कागद किंवा फॉर्म असतो. त्यावर चार-पाच गुण लिहिलेले, म्हणजे बारकाईने काम करणं, मतभेद हाताळणं, वेळेत पूर्ण करणं वगैरे, आणि प्रत्येकापुढे दोन जागा, एक आकडा द्यायला आणि एक पुरावा लिहायला. तू बोलत असताना मी त्या पुराव्याच्या जागेत लिहीत असते. तू म्हणालास 'आम्ही हिशोब व्यवस्थित केला', तर मी लिहू काय? तू म्हणालास 'बँकेच्या स्टेटमेंटमधली प्रत्येक एंट्री मी शीटशी जुळवून बघितली', तर ते मी जसंच्या तसं उतरवून घेते. नंतर पॅनल बसतं तेव्हा तू तिथे नसतोस, असतो तो फक्त कागद. त्यामुळे गोष्ट तयार करताना स्वतःला एकच विचार, हे ऐकून समोरचा काय लिहून घेईल?

'एक प्रसंग सांग' हा आग्रह का असतो तेही कळलेलं बरं. जॉन फ्लॅनगन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या माणसांवर त्यांचं काम होतं आणि १९५४ मध्ये त्यांनी त्या अनुभवावर एक पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं साधारण असं की एखाद्याबद्दल 'चांगला आहे, जबाबदार आहे' अशी मतं गोळा करून फार कळत नाही, त्याने ठराविक प्रसंगी नेमकं काय केलं ते गोळा करा. आजच्या प्रश्नांची मुळं बरीचशी त्या विचारात आहेत. म्हणून 'मी साधारणपणे असं करतो' हे उत्तर कितीही खरं असलं तरी बाद होतं. एकदा घडलेली, तारीख-वार असलेली गोष्ट हवी.

आता तुझ्या खजिनदारीकडे येऊ. अनुभव शून्य असं जे तू म्हणतोस ते मला पटत नाही, कारण दुसऱ्याचे पैसे सांभाळणं आणि त्याचा हिशोब देणं हे तू केलंयस, आणि इंटर्नशिपला येणाऱ्या सगळ्यांनी ते केलेलं नसतं. पण 'खजिनदार होतो' ही गोष्ट नाही, ते पद झालं. गोष्ट म्हणजे त्या वर्षातला असा एक क्षण जिथे तुझ्यासमोर दोन रस्ते होते आणि तू एक निवडलास. निवड नसेल तर तो प्रसंग सोडून दे, कितीही मोठा कार्यक्रम असला तरी. आणि निवड असेल तर प्रसंग छोटा असला तरी चालतो.

एक उदाहरण पूर्ण उलगडून दाखवते. मी तयारी करून घेतली होती ती एक मुलगी, तीही एका विद्यार्थी क्लबची खजिनदारच होती. 'बारकाईने काम केल्याचा प्रसंग सांग' म्हटल्यावर तिचं पहिलं उत्तर असं होतं:

'मी आमच्या क्लबची खजिनदार होते. आमचा क्लब खूप मोठा आहे आणि वर्षभर बरेच कार्यक्रम होतात. वर्षअखेरीला हिशोबात थोडी तफावत आली. आम्ही टीम म्हणून सगळं तपासलं, खूप मेहनत घेतली आणि शेवटी चूक सापडली. त्यातून मी बारकाईचं महत्त्व शिकले.'

यात खोटं काहीच नाही, पण लिहून घेण्यासारखंही काही नाही. मग मी तिला स्टार-बिर बाजूला ठेवायला सांगितलं आणि नुसते प्रश्न विचारत गेले. तफावत किती? ४,५००. कुठल्या बाजूला? बँकेत जास्त होते, शीटमध्ये कमी. म्हणजे पैसे गायब नव्हते? नाही, उलट जास्तच निघाले होते. मग कोणी काय म्हणालं? क्लबचा अध्यक्ष म्हणाला जास्तच आहेत ना, 'इतर जमा' म्हणून टाक आणि रिपोर्ट दे, चार दिवसांनी द्यायचाय. तू काय म्हणालीस? इथे ती थांबली आणि म्हणाली की मला तेव्हा वाटलं होतं, हे जास्तीचे पैसे दुसऱ्या कुणाचे असले तर?

हाच तो क्षण. पहिल्या उत्तरात तो कुठेच नव्हता, कारण तिला वाटत होतं की चूक सापडली हाच महत्त्वाचा भाग. फायनान्समधला माणूस मात्र इथे कान टवकारतो. तूट आली की सगळेच शोधतात, शोधावंच लागतं. शिल्लक जास्त निघाल्यावर, वरिष्ठ 'सोड' म्हणत असताना, वेळ कमी असताना शोधणारा माणूस वेगळा.

पुढे मी विचारलं, शोधलंस कसं, अगदी क्रमाने सांग. तर तिने आधी कागदावर लिहिलं होतं की बँकेत जास्त पैसे असण्याची कारणं काय काय असू शकतात. एक, शीटमध्ये खर्च दाखवलाय पण तो पैसा खात्यातून अजून गेलाच नाही, म्हणजे कुणाचं तरी देणं बाकी आहे. दोन, कुठली तरी जमा शीटमध्ये लिहायचीच राहिलीय. तीन, एंट्री आहे पण आकडा चुकलाय. तिने पहिलं कारण पहिल्यांदा तपासलं, कारण ते खरं असतं तर बाहेरच्या कुणाचे तरी पैसे अडकले असते. सगळे खर्च बँकेतून गेलेले दिसले. मग जमेच्या एंट्री मोजल्या, दोन्हीकडे सारख्याच, म्हणजे राहिलेली जमा नव्हती. उरला चुकलेला आकडा.

आणि इथे तिला अकाउंटिंगच्या वर्गातली एक गोष्ट आठवली. शेजारशेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले तर येणाऱ्या फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो. ४,५०० ला जातो. शिवाय ४,५०० म्हणजे ९०० गुणिले ५, म्हणजे अदलाबदल झाली असेल तर ती हजाराच्या आणि शेकड्याच्या अंकांत असणार आणि त्या दोन अंकांत ५ चा फरक असणार. अशा आकड्यांवर नजर टाकल्यावर एका प्रायोजकाची जमा दिसली, शीटमध्ये २,७०० आणि बँकेत ७,२००. प्रायोजकाचं पत्र काढून बघितलं, त्यावर ७,२०० होते. ती एंट्री तिच्या आधीच्या खजिनदाराने केलेली होती. तिने जुना आकडा नुसता पुसला नाही, शेजारी तारीख घालून काय बदललं आणि का ते लिहिलं, आणि रिपोर्ट द्यायच्या आधी त्या आधीच्या खजिनदाराला स्वतः फोन करून सांगितलं, म्हणजे त्याला ते बाहेरून कळू नये.

हे सगळं तिच्याकडे होतं! आणि ती सांगत होती 'आम्ही टीम म्हणून सगळं तपासलं.' तुझ्याकडेही असं काहीतरी असणार अशी माझी खात्री आहे, फक्त ते मोठं वाटत नाही म्हणून तू ते उत्तरातून काढून टाकलं असशील.

आता स्टार परत आणू. स्थिती, काम, कृती, निकाल, हा क्रम चांगलाच आहे, फक्त त्यातल्या चार भागांना सारखी जागा द्यायची नसते आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं. बऱ्याच जणांचा अर्धा वेळ स्थितीतच जातो, क्लब कधी सुरू झाला, किती मेंबर आहेत, कुठला कार्यक्रम होता. दोन मिनिटांचं उत्तर धरलं तर स्थिती आणि काम मिळून अर्ध्या मिनिटात संपलं पाहिजे, एक मिनिटाहून जास्त कृतीला, आणि उरलेलं निकालाला. त्यातही मी सांगते की पहिलं वाक्य असं असू दे की गोष्ट कशाबद्दल आहे ते लगेच कळावं, कारण ऐकणाऱ्याला दिवसभरात अशा कितीतरी गोष्टी ऐकायच्या असतात. तिचं शेवटचं रूप साधारण असं झालं:

'वर्षअखेरीला क्लबच्या खात्यात हिशोबापेक्षा जास्त पैसे निघाले, त्याचा मी माग काढला तो प्रसंग सांगते. मी नवीन खजिनदार होते, वार्षिक रिपोर्ट चार दिवसांनी द्यायचा होता आणि बँकेत शीटपेक्षा ४,५०० जास्त दिसत होते. अध्यक्षांचं म्हणणं होतं की इतर जमा म्हणून दाखवू. मला काळजी अशी होती की हे कुणाचं तरी राहिलेलं देणं असू शकतं, म्हणून मी त्यांच्याकडे दोन दिवस मागितले आणि नाही सापडलं तर फरक वेगळा दाखवू असं ठरवलं. मी आधी सगळे खर्च बँकेशी जुळवले, कारण तिथे चूक असती तर दुसऱ्याचं नुकसान होतं. ते बरोबर निघाले. मग जमेच्या एंट्री मोजल्या, त्याही सारख्या होत्या, म्हणजे कुठला तरी आकडाच चुकला होता. फरकाला ९ ने भाग जात होता म्हणून मी अंक उलटे पडलेत का ते आधी बघितलं आणि ७,२०० ची एक जमा २,७०० लिहिलेली सापडली. प्रायोजकाच्या पत्रावरून खात्री केली, दुरुस्ती नोंद ठेवून केली आणि ज्यांनी ती एंट्री केली होती त्यांना आधी कळवलं. रिपोर्ट वेळेत गेला, फरक शून्य. त्यानंतर मी दर महिन्याला शीट बँकेशी जुळवायला सुरुवात केली आणि पुढच्या खजिनदाराला तेच हातात दिलं.'

मोठ्याने वाचून बघ, घाई न करताही दोन मिनिटांत बसतं. यात 'मेहनत', 'महत्त्व', 'शिकले' हे शब्द नाहीत, आणि तरी ऐकणाऱ्याला ती मुलगी कशी काम करते ते कळतं. 'आम्ही' पण नाही. टीमचं श्रेय लाटायचं असं नाही हं, टीमचा प्रसंग असेल तेव्हा टीमने काय ठरवलं ते 'आम्ही'मध्ये सांग, पण कृतीच्या भागात तुझा वाटा 'मी'मध्येच आला पाहिजे. उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि ऐकताना 'आम्ही' किती वेळा आलं ते बघ. जिथे जिथे आलं तिथे स्वतःला विचार, यात माझे हात कशाला लागले होते?

निकालाबद्दल एक सांगते, कारण फायनान्समध्ये 'आकडा द्या' असं सगळे सांगतात आणि मग मुलं आकडे तयार करतात. 'कार्यक्षमता तीस टक्क्यांनी वाढली' म्हटलंस की माझा पुढचा प्रश्न ठरलेला आहे, कशाच्या तीस टक्के आणि मोजलं कसं. उत्तर नसलं तर तो एक आकडा सगळी गोष्ट संशयात टाकतो, आणि आकड्यांवर विश्वास ठेवता येईल असा माणूस शोधणाऱ्या टीमला ते फार खटकतं. तिच्या गोष्टीत 'फरक शून्य, रिपोर्ट वेळेत' एवढाच निकाल आहे आणि तो पुरेसा आहे. जो आकडा तू कसा काढला ते एका वाक्यात सांगू शकतोस तोच वापर. अंदाज असेल तर अंदाज आहे असं सरळ म्हण.

खरी तयारी मात्र या दोन मिनिटांच्या पुढे सुरू होते. चांगला इंटरव्ह्यू घेणारा गोष्ट संपल्यावर तिच्या खोलात शिरतो, आणि पाठ केलेलं उत्तर तिथे उघडं पडतं. आवाज बदलतो, वाक्यं मोठी आणि धूसर व्हायला लागतात. म्हणून प्रत्येक गोष्टीला मी निदान तीन फॉलोअप लावून बघायला सांगते. या गोष्टीला मी तिला हे विचारले होते.

पहिला, फरकाला ९ ने भाग जातो हा योगायोगही असू शकतो ना? हो, शकतो, दर नऊ पूर्णांकांत एकाला ९ ने भाग जातोच. म्हणून तो पुरावा नव्हता, आधी कुठे बघायचं एवढंच त्याने सांगितलं. पुरावा म्हणजे बँकेतली एंट्री आणि प्रायोजकाचं पत्र. हे उत्तर तिने इतकं शांतपणे दिलं की मला तिथेच कळलं, हिला ती युक्ती नुसती माहीत नाही, तिची मर्यादाही माहीत आहे.

दुसरा, सापडलंच नसतं तर रिपोर्टमध्ये काय लिहिलं असतंस? तिने सांगितलं की ४,५०० वेगळ्या ओळीत 'न जुळलेला फरक' म्हणून दाखवले असते, आणि काय काय तपासून झालंय ते खाली लिहिलं असतं. हा मला सगळ्यात आवडता फॉलोअप आहे, कारण कामात असं होतंच, मुदत येते आणि उत्तर सापडलेलं नसतं. तेव्हा माणूस फरक कुठेतरी मिसळून टाकतो की उघडा ठेवतो हे मला जाणून घ्यायचं असतं. अकाउंटिंग शिकलेला असशील तर सस्पेन्स खातं आठवेल, न जुळलेली रक्कम उलगडा होईपर्यंत वेगळी ठेवायचं खातं, तोच विचार.

तिसरा, अध्यक्ष म्हणाला असता की नाही, दोन दिवस नाहीत, आत्ताच दे, तर? इथे मुलं नायक व्हायला जातात, 'मी ठाम नकार दिला असता' वगैरे. तिचं उत्तर साधं होतं, मी तरीही इतर जमा लिहिलं नसतं, न जुळलेला फरक असं लिहून दिलं असतं आणि शोधणं चालू ठेवलं असतं, आणि त्यांना तसं आधीच सांगितलं असतं. म्हणजे मुदतही पाळली, हिशोबही खरा राहिला. तुझ्या फॉलोअपची उत्तरं लिहून पाठ करू नकोस, पण प्रत्येकावर एकदा बसून खरंच विचार कर. तो विचार केलेला असला की शब्द तिथल्या तिथे येतात.

आता किती गोष्टी हव्यात. पंधरा नकोत. खरे, निवड असलेले पाच-सहा प्रसंग पुरतात, कारण चांगला प्रसंग तीन-चार प्रश्नांना वळवता येतो. हीच गोष्ट घे. बारकाईचा प्रश्न आला तर शोधाचा क्रम सविस्तर सांग आणि अध्यक्षांशी झालेलं बोलणं एका वाक्यात. मतभेदाचा प्रश्न आला तर उलट कर, तो काय म्हणत होता, त्याच्या बाजूने त्याचं कुठे बरोबर होतं (मुदत खरंच जवळ होती), तू दोन दिवस कसे मागितलेस, त्याला काय हमी दिलीस, आणि शोध दोन वाक्यांत उरक. 'स्वतःहून काही सुरू केलंस का' असं आलं तर दर महिन्याला जुळवायची पद्धत पुढे येईल, का सुरू केली, पहिल्या महिन्यात काय अडचण आली. प्रसंग तोच, दिवा कुठे धरायचा ते बदलतं. रोलप्रमाणेही थोडं वळण दे. रिस्क किंवा ऑडिटला 'जास्तीचे पैसे का शोधले' याला वजन आहे, इन्व्हेस्टमेंट बँकिंगला कमी वेळात आधी काय तपासायचं हे ठरवण्याला, क्लायंटशी बोलायचं काम असेल तर आधीच्या खजिनदाराला केलेल्या फोनला.

एकाच दिवशी तीन-चार जण इंटरव्ह्यू घेणार असतील तर प्रत्येकाला तीच गोष्ट सांगू नकोस, कारण ते संध्याकाळी एकत्र बसतात आणि तिघांच्या कागदावर ४,५०० दिसले की वाटतं या मुलाकडे एकच गोष्ट आहे. म्हणून पाच-सहा म्हणते, दोन-तीन नाही.

अपयशाच्या प्रश्नाला मात्र ही गोष्ट चालणार नाही, कारण यात चूक दुसऱ्याची आहे. त्यासाठी वेगळा प्रसंग काढ, जिथे चूक खरंच तुझी होती आणि त्याचा कुणाला तरी त्रास झाला. 'मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे' हे ऐकून आम्ही तिथे काहीच लिहीत नाही. आणि गोष्ट चुकीपाशी संपवू नकोस. नंतर तू काय बदललंस, आणि पुढे एकदा त्या बदलामुळे काम कसं वाचलं, हा दुसरा छोटा प्रसंग जोड. बदल झाला याचा पुरावा तोच असतो, 'मी शिकलो' हे नाही. चूक निवडताना एवढंच बघ की ती प्रामाणिकपणाची नसावी. मुदत चुकली, अंदाज चुकला, विचारायला हवं होतं तेव्हा विचारलं नाही, हे चालतं. आकडे लपवले हे नाही चालत.

आणि हो, पुढे कधी एखाद्या ऑफिसातल्या कामाचा प्रसंग सांगायची वेळ आली तर तिथल्या क्लायंटचं नाव आणि बाहेर न आलेले आकडे सांगू नकोस, 'एक मध्यम आकाराची कंपनी' म्हण. आधीच्या ठिकाणचं उघड करणारा आमच्याकडचंही करेल, असं समोरचा धरून चालतो.

सरावाचं म्हणशील तर पूर्ण वाक्यं लिहिलेला कागद फाडून टाक. प्रत्येक प्रसंगासाठी एका छोट्या कार्डावर सहा-सात खुणेचे मुद्दे एवढंच. तिच्या कार्डावर होतं: ४,५०० जास्त, चार दिवस, 'इतर जमा', आधी खर्च, ९, ७,२००/२,७००, फोन. कार्ड बघून बोल, दर वेळी वाक्यं वेगळी येऊ देत, टप्पे तेच राहू देत. ज्या भाषेत इंटरव्ह्यू होणार त्याच भाषेत बोल, कारण मनात एका भाषेत जुळवलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगताना नेमकी क्रियापदं अडकतात आणि मग परत 'समन्वय साधला' येतं. रेकॉर्डेड व्हिडिओवाला इंटरव्ह्यू असेल तर घड्याळ लावून कर, तिथे फॉलोअप नसतो, त्यामुळे जास्तीचे पैसे का शोधले यासारखं जे कारण माणसाने विचारलं असतं ते तुलाच एका वाक्यात आधी सांगून टाकावं लागतं.

आणि मित्रांना मॉकमध्ये 'कसं वाटलं' असं विचारू नकोस, त्याने काही कळत नाही. त्यांना कागद-पेन दे आणि सांग की मी बोलत असताना मी काय काय केलं ते फक्त लिहा. चार-पाच ठोस गोष्टी कागदावर आल्या तर गोष्ट तयार आहे. 'हिशोब तपासला' एवढंच आलं तर परत खोदायला बस.

तुझ्या खजिनदारीतला एखादा प्रसंग इथेच खाली टाक, आकड्यांसकट, स्टारमध्ये बसवू नकोस, जसं घडलं तसं लिही, आणि कुठल्या रोलसाठी अर्ज करतोयस तेही सांग. मी त्याला फॉलोअप विचारते.